वर्षानुवर्षं चार्जिंगला लावलेला लॅपटॉप

भोसरी एमआयडीसीतल्या लहान टूलरूमांत एक लॅपटॉप हमखास दिसतो, जो जागेवरून कधीच हलत नाही. व्हीएमसी मशीनच्या शेजारी, लोखंडी टेबलावर किंवा भिंतीला ठोकलेल्या फळीवर तो बसलेला असतो. कीबोर्डवर कूलंटचा चिकट थर बसलेला आणि दोन-तीन बटणांवरची अक्षरं पुसलेली. त्याला काम एकच, जॉबचा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा आणि केबलने मशीनला पाठवायचा. नव्या लॅपटॉपला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट येत नाही आणि यूएसबीचं कन्व्हर्टर ऐन वेळी दगा देतं, म्हणून हा जुना जीव मरेपर्यंत सांभाळला जातो. त्याची पिन बोर्डात कायमची. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, शटर खाली असतं, तरी अॅडॅप्टरचा हिरवा दिवा आत चालूच.

अशा लॅपटॉपबद्दल गाळ्यात दोन मतं असतात. सतत चार्जिंगला ठेवून बॅटरी खराब होते, तेव्हा ती काढून कपाटात ठेवावी आणि लॅपटॉप नुसत्या अॅडॅप्टरवर चालवावा, हे एक. दुसऱ्या मताचे लोक म्हणतात की बॅटरी आहे तिथे असू दे, फक्त आठवड्यातून एकदा पूर्ण उतरवून परत भर. पहिल्या मतातली शंका खरी आहे, पण उपाय बहुतेक वेळा चुकीचा. दुसऱ्या मतातला उपाय निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जमान्यातला आहे. त्या बॅटऱ्यांना तो लागू होता. लिथियम-आयन बॅटरीला पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरवणं म्हणजे विनाकारण झीज.

आधी एक गैरसमज दूर करू. लॅपटॉप सतत पिनेवर असला तरी बॅटरीत सतत करंट जात नाही. मदरबोर्डवर चार्जिंगची एक चिप असते. ती आधी ठरावीक करंटने बॅटरी भरते. प्रत्येक सेल साधारण 4.2 व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू कमी करत आणते आणि शेवटी चार्जिंग बंद करते. त्यानंतर लॅपटॉप थेट अॅडॅप्टरवर चालतो. बॅटरी आपोआप थोडी उतरून 95 टक्क्यांच्या आसपास आली की चिप तिला परत थोडं भरते. म्हणजे 'जास्त चार्ज होऊन' बॅटरी बिघडते, हे जवळजवळ कधीच खरं नसतं. ती बिघडते भरलेली राहून.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्याच्या एका टोकाला ग्रॅफाइटमध्ये लिथियम ठासून भरलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला धातूचं ऑक्साइड ओढाताणीच्या स्थितीत असतं. मधला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला लिथियमचा क्षार, या दोन्ही टोकांशी हळूहळू प्रक्रिया करत राहतो. ग्रॅफाइटच्या बाजूला एक पातळ थर साचत जातो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. तेवढी क्षमता गेली ती गेली. ऑक्साइडच्या बाजूला द्रावकाचं विघटन होऊन वायू तयार होतो. बॅटरी वापरली काय नि नुसती पडून राहिली काय, हे चालूच असतं. त्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: बॅटरी किती भरलेली आहे आणि ती किती गरम आहे.

बॅटरीच्या क्षेत्रात साठवणुकीचे काही ढोबळ आकडे सर्रास वापरले जातात. बॅटरी 40 टक्के भरून 25 अंश सेल्सियसला वर्षभर ठेवली तर तिची मूळ क्षमता सुमारे 96 टक्के उरते. त्याच तापमानाला पूर्ण भरून ठेवली तर 80 टक्के. 40 अंशाला अर्धवट भरलेली असेल तर 85 टक्के आणि पूर्ण भरलेली असेल तर 65 टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक कंपनीच्या सेलप्रमाणे आकडे पुढेमागे होतील, पण क्रम बदलत नाही. भोसरीतला पत्र्याच्या छताचा गाळा एप्रिल-मे महिन्यात आतून किती तापतो हे तिथे दुपारची पाळी केलेल्याला सांगायला नको. त्यात लॅपटॉपच्या आतली उष्णता मिळवा आणि जाळीत अडकलेली धूळ व कूलंटची वाफ मिळवा. यादीतली सर्वांत वाईट ओळ, पूर्ण भरलेली आणि 40 अंशाच्या वरची, हीच या लॅपटॉपची रोजची अवस्था आहे. म्हणून दोन-तीन वर्षांत बॅटरी निम्म्यावर येते आणि दोष मात्र पिनेला लागतो.

मग बॅटरी काढून ठेवली तर? इथे ती कशी ठेवली जाते ते पाहावं लागतं. सहसा असं होतं की शंभर टक्के भरलेली बॅटरी खटका दाबून काढली जाते आणि त्याच गाळ्यात, त्याच पत्र्याखाली, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली जाते. लॅपटॉपची ऊब तेवढी वाचली, बाकी काही बदललं नाही. उलट कोणी ती अगदी उतरलेली असताना काढली तर अजून वाईट. बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट स्वतः थोडी वीज खात राहतं. काही महिन्यांत सेल अडीच व्होल्टच्या खाली जातात, ग्रॅफाइटच्या मागची तांब्याची पट्टी विरघळू लागते आणि पुन्हा लावल्यावर सर्किट चार्जिंग घ्यायलाच नकार देतं. 'वापरलीच नाही तरी मेली' असं ज्या बॅटरीबद्दल ऐकू येतं, ती बहुधा अशी गेलेली असते. काढून ठेवायचीच असेल तर 40 ते 50 टक्क्यांवर काढावी, ऑफिसातल्या थंड, कोरड्या खणात ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी तपासून परत निम्म्यापर्यंत भरावी. फ्रिजमध्ये ठेवू नये, बाहेर काढल्यावर दव धरतं. इतकी शिस्त पाळणारे गाळे थोडे.

आता बॅटरीविना चालणाऱ्या लॅपटॉपकडे वळू. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण या बाबतीत भीती थोडी अतिशयोक्त असते. शेजारच्या प्रेस शॉपमध्ये मोठी मोटर सुरू झाली की तिचा सुरुवातीचा करंट नेहमीच्या सहा-सात पट असतो, लाइनचं व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि ट्यूबलाइट लुकलुकते. लोकांना वाटतं की याने बॅटरी नसलेला लॅपटॉप बंद पडेल. सहसा पडत नाही. लॅपटॉपच्या अॅडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असतं ते खरं असतं. लाइन 230 वरून 150 ला आली तरी तो बाहेर तेच 19.5 व्होल्ट देत राहतो.

लाइन पूर्ण गेली तर काय, याचा हिशोब करता येतो. अॅडॅप्टरच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. 65 वॅटच्या अॅडॅप्टरमध्ये तो साधारण 120 मायक्रोफॅरॅडचा धरू. आपल्याकडच्या 230 व्होल्टवर तो सुमारे 325 व्होल्टपर्यंत भरलेला असतो. तिथपासून 150 व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत तो सुमारे पाच ज्यूल ऊर्जा देऊ शकतो. लॅपटॉपवर नुसता प्रोग्रॅम उघडलेला आहे आणि तो 20 वॅट खातो आहे असं समजा. अॅडॅप्टरमधली गळती धरून पाच ज्यूल म्हणजे सुमारे 0.2 सेकंद. तोच लॅपटॉप पूर्ण भारावर 65 वॅट ओढत असेल तर एका सेकंदाचा पंधरावा भाग. म्हणजे डोळ्याचं पातं लवण्याइतका खंड अॅडॅप्टर एकटा पचवतो. त्याहून मोठा खंड त्याच्या ताकदीबाहेरचा आहे.

आणि गाळ्यातले खरे खंड त्याहून मोठेच असतात. फीडर ट्रिप होऊन परत येतो त्यात काही सेकंद जातात. जनरेटरचं चेंजओव्हर आपोआप होणारं असलं तरी इंजिन सुरू होऊन व्होल्टेज स्थिरावेपर्यंत आठ-दहा सेकंद लागतात. हाताने फिरवायचं असेल तर मिनिटं. लाइट परत आल्यावर जनरेटरवरून महावितरणवर येताना पुन्हा एक छोटा खंड पडतो, म्हणजे एकदा लाइट गेली की लॅपटॉपला दोन झटके. पण सर्वांत जास्त वेळा जे होतं त्यात महावितरणचा काही संबंध नसतो. कोणीतरी बोर्डातून ग्राइंडरची पिन लावायला लॅपटॉपची काढतो. ट्रॉलीचं चाक वायरीवरून जातं. अॅडॅप्टरची गोल पिन वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने सैल झालेली असते आणि मशीनच्या कंपनाने क्षणभर सुटते. बॅटरी जागेवर असेल तर यातलं काहीच कोणाच्या लक्षातही येत नाही, फक्त कोपऱ्यातलं चिन्ह बदलून परत पूर्ववत होतं.

बॅटरी नसेल तर काय होतं ते मोल्डच्या कामात नीट दिसतं. जुन्या मशीनच्या कंट्रोलची मेमरी फार लहान असे. फॅनुकच्या जुन्या कंट्रोलवर ती कागदी टेपच्या मीटरमध्ये मोजत. 80 मीटर म्हणजे फक्त 32 किलोबाइट. मोल्डच्या गोलाईच्या फिनिशिंगचा प्रोग्रॅम दोन-चार मेगाबाइटचा सहज होतो. तो मशीनमध्ये मावत नाही. म्हणून लॅपटॉप त्याला थोडा थोडा भरवत राहतो आणि मशीन कापत जातं. याला गाळ्यात डीएनसी किंवा ड्रिप फीड म्हणतात आणि एक फिनिशिंग पाच-सहा तास चालू शकतं. मशीनला स्टॅबिलायझर असतो, कधी त्याच्यामागे यूपीएसही असतो. लॅपटॉप मात्र साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर. चौथ्या तासाला कोणाच्या पायाने पिन हलली की लॅपटॉप काळा होतो. मशीनच्या बफरमधल्या ओळी संपतात, टेबल थांबतं, कटर मात्र त्याच जागी फिरत राहतो. फिनिश झालेल्या पृष्ठभागावर त्या ठिकाणी डाग पडतो. मग पॉलिशवाल्याची मिनतवारी. पुन्हा सुरू करायचं तर नेमकी ओळ शोधा, कोऑर्डिनेट, फीड, स्पिंडल, टूलचा ऑफसेट पुन्हा हाताने द्या, हे सगळं आलंच. हजार रुपयांची बॅटरी वाचवण्याच्या नादात लाखाच्या मोल्डवर हा प्रसंग येतो.

हार्ड डिस्कचंही ऐका. लॅपटॉपची जुनी फिरती डिस्क नीट बंद केली की तिचं हेड शांतपणे बाजूच्या उतारावर जाऊन बसतं. अचानक वीज गेली तर डिस्क स्वतःच्या फिरण्यातून उरलेली वीज वापरून हेड घाईने ओढून घेते. कंपन्या आपल्या माहितीपत्रकात नेहमीच्या उचल-ठेवीची मर्यादा सहा लाख वेळा देतात आणि घाईच्या उचलीची वीस हजार वेळा. दोन आकड्यांतला फरकच सांगतो की दुसऱ्या प्रकारात किती मार बसतो. शिवाय फाइल लिहिता लिहिता वीज गेली तर ती फाइल अर्धवट राहते. विंडोजची एनटीएफएस पद्धत डिस्कची मांडणी सावरून घेते, पण तुमच्या प्रोग्रॅममधल्या ओळी सावरत नाही.

दुसरी अडचण वेगळ्या प्रकारची आहे. प्रोसेसर आळीपाळीने झोपतो आणि दौडतो. दौडताना क्षणभर तो सरासरीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढतो आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा वरचा वाटा अॅडॅप्टरच्या जोडीला बॅटरीने उचलायचा असतो. आराखडाच तसा असतो. बॅटरी काढली की दोनपैकी एक होतं. एकतर अॅडॅप्टर जास्त करंटमुळे स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, किंवा लॅपटॉप आधीच सावध होऊन प्रोसेसरचा वेग कमी करतो. बॅटरी काढता येणाऱ्या जुन्या मॅकबुकबद्दल अॅपलने आपल्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलं होतं: बॅटरी नसेल तर संगणक आपोआप प्रोसेसरचा वेग कमी करतो, नाहीतर एकट्या अॅडॅप्टरला न झेपणारी मागणी येऊन तो बंद पडेल. बॅटरी काढल्यावर कॅमचं सॉफ्टवेअर अचानक कूर्मगतीने चालू लागलं, तर व्हायरस शोधत बसण्याआधी हे तपासावं. काही नवे लॅपटॉप तर बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत. बायोसचं अपडेटही बहुतेक कंपन्या बॅटरी जागेवर आणि थोडी भरलेली असल्याशिवाय करू देत नाहीत आणि त्याचं कारण उघड आहे. अपडेटच्या मधोमध वीज गेली तर बोर्डच बाद होऊ शकतो.

तिसरी गोष्ट फक्त वर्कशॉपमधली आहे, पण भोसरीत ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मशीनची बॉडी एका अर्थिंगला जोडलेली असते आणि लॅपटॉपच्या बोर्डाचं अर्थिंग दुसरीकडून आलेलं असतं, किंवा आलेलंच नसतं. दोन पिनांचा अॅडॅप्टर असेल तर त्यातल्या छोट्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपची धातूची बाजू शंभरएक व्होल्टवर तरंगत असते. करंट अगदी नगण्य, हाताला नुसत्या मुंग्या येतात. पण अशा स्थितीत सिरियल केबल मशीनला लावली की पहिल्या स्पर्शाला तो फरक केबलमधून वाहतो आणि पोर्टामागची छोटी चिप जळते. कधी लॅपटॉपची, कधी मशीनची. केबल जोडताना दोन्ही बाजू बंद ठेवणं हा पक्का नियम. मशीन बंद करणं शक्य नसेल तेव्हा अनुभवी सेटर लॅपटॉपची पिन काढतो, त्याला बॅटरीवर चालवतो आणि मगच केबल लावतो. बॅटरीवर असलेला लॅपटॉप लाइनपासून पूर्ण वेगळा असतो. ज्याने बॅटरी कपाटात ठेवली त्याच्याकडे हा मार्गच उरत नाही.

तर मग करायचं काय? बॅटरी जागेवर ठेवायची, पण भरलेली ठेवायची नाही. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ही सोय आहे आणि ती क्वचितच कोणी उघडून पाहतो. डेलच्या बायोसमध्ये बॅटरीच्या पानावर `Primarily AC Use` असा पर्याय असतो. शेजारच्या `Custom` मध्ये चार्जिंग कुठे सुरू व्हावं आणि कुठे थांबावं हे टक्क्यांत देता येतं. लेनोव्होच्या व्हँटेज प्रोग्रॅममध्ये `Conservation Mode` आहे. मॉडेलप्रमाणे तो बॅटरी 60 किंवा 80 टक्क्यांच्या आसपास थांबवतो. एचपीच्या व्यावसायिक मॉडेलांत बायोसमध्ये `Battery Health Manager` आणि असुसमध्ये `Battery Health Charging` या नावाने हेच मिळतं. कायम पिनेवर असणाऱ्या लॅपटॉपला 60 टक्के ही माझी पसंती. 80 ठेवलं तरी चालेल. एवढ्याने प्रत्येक सेल 4.2 व्होल्टऐवजी 3.9 च्या आसपास राहतो आणि झीज बरीच मंदावते. दोन-तीन महिन्यांतून एकदा मर्यादा काढून बॅटरी 20 टक्क्यांपर्यंत उतरवून परत भरावी. त्याने बॅटरीला नवं आयुष्य मिळत नाही, फक्त टक्केवारी मोजणारी चिप आपला अंदाज दुरुस्त करते.

साठ टक्के पुरतील का, ही शंका रास्त आहे. त्यासाठी एक उदाहरण सोडवून पाहू. विंडोज 8 किंवा त्यानंतरच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे द्या:

```
powercfg /batteryreport /output C:\Users\Public\battery.html
```

ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की दोन ओळी पाहायच्या. समजा `DESIGN CAPACITY` पुढे 48,000 mWh आहे आणि `FULL CHARGE CAPACITY` पुढे 29,000 mWh. म्हणजे बॅटरीची मूळच्या 60 टक्के क्षमता उरली आहे. गाळ्यातल्या लॅपटॉपसाठी हे अगदी नेहमीचं चित्र. आता ही म्हातारी बॅटरी आपण 60 टक्क्यांवरच थांबवली तर तिच्यात सुमारे 17 वॅट-तास असतील. लॅपटॉप 20 वॅट खातो, म्हणजे पन्नास मिनिटं. जनरेटर सुरू व्हायला दहा सेकंद, चुकून निघालेली पिन परत लावायला एक मिनिट. पन्नास मिनिटं त्यापुढे चैन आहे. इथे बॅटरीकडून प्रवासाची अपेक्षा नाहीच, ती फक्त खंड भरून काढायला आहे, आणि त्या कामाला निम्मी मेलेली बॅटरीही पुरते.

पण आकडा दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. अहवालात क्षमता दिसते आणि पिन काढल्याबरोबर व्होल्टेज कोसळून लॅपटॉप बंद पडतो. म्हणून काम सेव्ह करून, मशीन रिकामं असताना, पिन काढा आणि पाच मिनिटं कॅमचं जड चित्र स्क्रीनवर फिरवत राहा. त्यात टिकला तर बॅटरी कामाची. 40 टक्क्यांवरून एकदम 7 वर उडी मारली किंवा लॅपटॉप सरळ विझला, तर ती बॅटरी बदला.

मर्यादा घालण्याची सोयच नसलेला फार जुना लॅपटॉप असेल तर उष्णतेवर काम करा. टेबलापासून थोडा उचलून ठेवा, पंख्याची जाळी दर काही महिन्यांनी कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. मात्र हवेचा दाब कमी ठेवा आणि पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. कॉम्प्रेसरच्या लाइनीतलं पाणी आधी काढून टाका. आणि गुरुवारी, निदान दिवाळीच्या सुट्टीत, लॅपटॉप बंद करून बोर्डाचा खटका बंद करा.

बॅटरीशिवाय चालवणं योग्य ठरतं अशी परिस्थिती खरं तर एकच: बॅटरी बिघडली आहे, धोकादायक झाली आहे आणि त्या मॉडेलची चांगली नवी बॅटरी मिळत नाही. जुन्या मॉडेलांना बाजारात मिळणाऱ्या नकली बॅटऱ्यांपेक्षा बॅटरी नसलेली बरी, हे मी ठामपणे म्हणेन. अशा वेळी लॅपटॉपला छोटा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस द्यावा. तो लाइन गेल्यापासून दहाएक मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो आणि तेवढा वेळ अॅडॅप्टर स्वतःच्या कपॅसिटरवर सहज काढतो, हे वर पाहिलंच. 600 व्हीएचा पुरेसा होतो. गंमत एवढीच की त्याच्या पोटातली लेड-अॅसिड बॅटरीही उष्णतेने दोन-तीन वर्षांत जाते. एक बॅटरी वाचवायला निघालेला माणूस दुसरी विकत घेऊन बसतो. शिवाय यूपीएस अॅडॅप्टरच्या अलीकडे आहे, पलीकडची सैल गोल पिन सुटली तर तो काहीच करू शकत नाही. म्हणून पिन सैल असेल तर आधी तो जॅक बदलून घ्या. वायर टेबलाच्या पायाला क्लिपने बांधून टाका, म्हणजे ओढ जॅकवर येणार नाही. लॅपटॉपची तारीख मागे जाऊ लागली तर घाबरू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये घड्याळाला मुख्य बॅटरीचा आधार असतो, तो गेल्यावर आतला नाण्याएवढा सेल लवकर संपतो. तो बदलता येतो.

शेवटी राहते फुगलेली बॅटरी, आणि तिच्याबाबत 'चालतंय ना, चालू दे' म्हणणं थांबलं पाहिजे. खटक्याने निघणाऱ्या जुन्या बॅटऱ्यांत बहुधा पोलादी कवचाचे दंडगोल सेल असत, ते बाहेरून फुगलेले दिसत नाहीत. 2012 च्या आसपासपासून पातळ लॅपटॉप आले तशा बॅटऱ्या आत स्क्रूने बसवल्या जाऊ लागल्या आणि सेल मऊ पाकिटाचे झाले. वर्षानुवर्षं भरलेल्या नि गरम राहिलेल्या पाकिटात वायू साचला की ते उशीसारखं फुगतं. माउसचा टचपॅड वर येतो किंवा दाबला जात नाही. कीबोर्ड मधोमध उचलला जातो. झाकण नीट मिटत नाही. सपाट टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो. यातलं काहीही दिसलं की लॅपटॉप बंद करा, पिन काढा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. कडेने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. वायू काढण्यासाठी टोचणं हा तर आगीला दिलेला आवतणाचा नारळ आहे. ज्याला लॅपटॉप उघडण्याची सवय आहे अशा माणसाकडून कनेक्टर सोडवून बॅटरी काढून घ्या आणि ती धातूच्या डब्यात, कोरड्या वाळूवर, ज्वलनशील कटिंग ऑइलपासून लांब ठेवा.

ही बॅटरी भंगारवाल्याच्या गोणीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या घरच्या किंवा कारखान्याच्या इतर कचऱ्यात न मिसळण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर. भोसरीहून फार लांब नसलेल्या कुदळवाडीतल्या भंगार गोदामांना लागलेल्या आगी पिंपरी-चिंचवडकरांनी पाहिल्या आहेत. टर्निंगच्या बुऱ्याच्या ढिगात पडलेला एक दाबलेला लिथियम सेल आग लावायला पुरेसा असतो. तेव्हा टोकांना चिकटपट्टी लावा आणि बॅटरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्या, आणि दिल्याची पावती मागून घ्या.